जाकिटावरची 'लेव्हल ३' नेमकं काय सांगते?

बुलेटप्रूफ जाकिटाच्या आत, शिलाईजवळ एक लेबल असतं. त्यावर कंपनीचं नाव, मॉडेल, बनवल्याची तारीख, सिरियल नंबर आणि मोठ्या अक्षरांत एक लेव्हल छापलेली असते. जाकीट घेणारा माणूस बहुतेक वेळा ती एकच ओळ वाचतो. मीही पूर्वी तेच करायचो. २ पेक्षा ३ चांगली, ३ पेक्षा ४ चांगली, असा सरळ जिना डोक्यात होता. पुढे एकाच लेव्हलच्या दोन प्लेट्स शेजारी ठेवून पाहायची वेळ आली. एका प्लेटला जी गोळी सहज अडायची ती दुसरीतून आरपार जायची, आणि दुसरी अडवायची ती गोळी पहिलीतून जायची. लेबलं मात्र दोन्हींवर सारखी आणि दोन्ही खरी होती. हे कसं होतं ते समजलं की लेबल वाचायची पद्धत बदलते. ती पद्धत इथे क्रमाने सांगतो.

पहिली पायरी: आकडा कोणत्या मानकाचा आहे ते बघा

लेव्हलचा आकडा एकटा वाचून काहीच कळत नाही. अंगावर घालायच्या कवचासाठी जगात सर्वाधिक वापरलं जाणारं मानक अमेरिकेच्या एनआयजेचं, म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसचं आहे. त्यात लेव्हल ३ हे रायफलच्या गोळीसाठीचं कवच आहे. जर्मन व्हीपीएएम मानकात पायऱ्या १ ते १४ अशा असतात आणि तिथली ३ ही ९ मिमी पिस्तुलाची पायरी आहे. याच एनआयजेचं सुऱ्याच्या वारासाठी वेगळं मानक आहे, त्यातही १, २, ३ अशा लेव्हल आहेत आणि त्या ३ चा गोळीशी काहीही संबंध नाही. म्हणजे '३' वाचून कोणी रायफलसमोर उभा राहिला आणि अंगात सुराविरोधी जाकीट असेल, तर ते जाकीट त्याला वाचवणार नाही.

म्हणून आकड्याआधी मानकाचं नाव आणि त्याची आवृत्ती वाचायची. एनआयजेच्या बाबतीत सध्या दोन आवृत्त्यांची लेबलं बाजारात दिसतात. २००८ ची ०१०१.०६ आणि २०२३ ची ०१०१.०७. जुन्या आवृत्तीत २-ए, २, ३-ए, ३ आणि ४ अशा लेव्हल होत्या. नव्या आवृत्तीने नावंच बदलली. पिस्तुलासाठी एचजी१ आणि एचजी२, रायफलसाठी आरएफ१, आरएफ२ आणि आरएफ३. ढोबळ मानाने जुनी २ म्हणजे एचजी१, ३-ए म्हणजे एचजी२, ३ म्हणजे आरएफ१ आणि ४ म्हणजे आरएफ३. सगळ्यात खालची २-ए नव्या आवृत्तीत राहिलीच नाही. आरएफ२ ही मधली पायरी नवीन आहे. ती का आणावी लागली, हे पुढे कळेल.

नवी नावं मला जास्त प्रामाणिक वाटतात. जुन्या पद्धतीत ३-ए आणि ३ शेजारी शेजारी होते आणि त्यांच्यात थोडासाच फरक असेल असं वाटायचं. प्रत्यक्षात त्या दोघांमध्ये पिस्तूल आणि रायफल यांच्याएवढं अंतर आहे.

दुसरी पायरी: लेव्हलचं भाषांतर गोळीत करा

लेव्हल हे एका ठरावीक चाचणीचं छोटं नाव आहे. त्या चाचणीत गोळीचा प्रकार, तिचं वजन, तिचा वेग, किती गोळ्या आणि किती अंतरावरून, हे सगळं ठरलेलं असतं. लेव्हल वाचली की लगेच त्या गोळ्या आठवायच्या.

जुन्या मानकातली लेव्हल २ म्हणजे ८ ग्रॅमची ९ मिमी गोळी सेकंदाला ३९८ मीटर वेगाने, आणि १०.२ ग्रॅमची पॉइंट ३५७ मॅग्नम ४३६ मीटर वेगाने. लेव्हल ३-ए म्हणजे १५.६ ग्रॅमची पॉइंट ४४ मॅग्नम ४३६ मीटरने, आणि तिच्या जोडीला हलकी पण जास्त वेगाची पॉइंट ३५७ सिग ४४८ मीटरने. इथपर्यंत कवच मऊ असतं. अरामिड किंवा पॉलिइथिलीनच्या धाग्यांचे अनेक थर एकावर एक घालून ते बनवतात, आणि शर्टाखाली घालता येतं.

लेव्हल ३ ला कडक प्लेट लागते. चाचणीची गोळी असते ७.६२ मिमी नाटोची एम८०, वजन ९.६ ग्रॅम, वेग ८४७ मीटर. लेव्हल ४ ला पॉइंट ३० कॅलिबरची एम२ एपी गोळी, वजन १०.८ ग्रॅम, वेग ८७८ मीटर. या गोळीच्या पोटात कठीण केलेल्या पोलादाचा गाभा असतो, चिलखत भेदण्यासाठीच बनवलेला.

आता एक गोष्ट नीट बघा. जुन्या लेव्हल ३ च्या यादीत गोळी एकच आहे. 'लेव्हल ३ रायफल थांबवते' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. पूर्ण वाक्य असं होतं, की या प्लेटने एम८० गोळी त्या वेगाला थांबवून दाखवली आहे. बाकीच्या रायफल गोळ्यांबद्दल लेबल गप्प आहे, आणि ते गप्प आहे म्हणजे होकार देतंय असं समजायचं नाही.

तिसरी पायरी: एकाच लेव्हलच्या दोन प्लेट्स तपासून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या, कारण फसगत इथेच होते.

समजा दोन प्लेट्स आहेत. पहिली पोलादाची, सहा-साडेसहा मिलिमीटर जाड, बोटाने टिचकी मारली की टणत्कार येतो. दुसरी दाबून घट्ट केलेल्या पॉलिइथिलीनची, बोटभर जाड, पण उचलली की आत काही आहे की नाही असं वाटावं इतकी हलकी. दोन्हींनी एम८० च्या सहा-सहा गोळ्या अडवल्या आणि दोन्हींना लेव्हल ३ मिळाली.

आता तिसरी गोळी घेऊ. ५.५६ मिमीची एम१९३, वजन जेमतेम साडेतीन ग्रॅम, वेग ९९० मीटर. हिची ऊर्जा काढली तर साधारण १७५० ज्यूल भरते. एम८० ची ऊर्जा साधारण ३४५० ज्यूल आहे, म्हणजे जवळजवळ दुप्पट. जी प्लेट ३४५० ज्यूल पेलते ती १७५० ज्यूल हसत पेलेल, असं कोणालाही वाटेल. पॉलिइथिलीनची प्लेट पेलतेही. पोलादाच्या अशा प्लेटला मात्र ही हलकी गोळी भोक पाडून जाऊ शकते.

कारण गोळीच्या जाडीत आणि वेगात आहे. एम१९३ ची ऊर्जा निम्मी असली तरी ती ज्या जागेवर आदळते ती जागाही जवळपास निम्मीच आहे. त्यामुळे एका चौरस मिलिमीटरवर पडणारा मार दोन्ही गोळ्यांचा साधारण सारखाच. मग फरक पाडतो तो वेग. सावकाश मार बसला तर पोलाद आजूबाजूला थोडं वाकतं आणि भार पसरवतं. एका मर्यादेपलीकडे वेग गेला की धातूला पसरायला वेळच मिळत नाही. गोळीच्या आकाराची गोल चकती कातरली जाऊन मागे निघते, पंचिंग मशीनने कागदातून टिकली काढावी तशी. अशी फुटलेली प्लेट हातात घेतली तर भोकाच्या कडा आश्चर्य वाटावं इतक्या स्वच्छ दिसतात. वेग कमी झाला, म्हणजे अंतर वाढलं किंवा बंदुकीची नळी आखूड असली, तर तीच गोळी त्याच पोलादावर चिरडून जाते. त्यामुळे काही वेळा एकाच प्लेटबद्दल दोन माणसं दोन वेगळे अनुभव सांगतात आणि दोघेही खरं बोलत असतात.

आता चौथी गोळी, एम८५५. तीही ५.५६ मिमीचीच, वजन ४ ग्रॅम, वेग सुमारे ९५० मीटर. तिच्या टोकाशी शिशाच्या पुढे पोलादाचा छोटा तुकडा बसवलेला असतो. पोलादाची प्लेट हिला बहुधा अडवते, कारण वेग एम१९३ पेक्षा कमी आहे. पण पॉलिइथिलीनच्या प्लेटची गोष्ट उलटी होते. ती प्लेट गोळी अडवते ती तिला चपटी करून. शिशाची गोळी थरांत घुसताना पसरते, जितकी पसरते तितके जास्त धागे तिला धरतात. पोलादाचं टोक पसरत नाही. ते अणकुचीदार राहतं, धागे बाजूला सारतं आणि पुढे जातं.

म्हणजे पोलादाच्या प्लेटला एम१९३ चं भय आणि पॉलिइथिलीनच्या प्लेटला एम८५५ चं. लेबल दोघींवर एकच. २०२३ च्या आवृत्तीने नेमकं हेच दुरुस्त केलं. आरएफ१ मध्ये एम८० सोबत एम१९३ आली आणि ७.६२ × ३९ ची गोळीही आली. आरएफ२ मध्ये या सगळ्या, आणि वर एम८५५. त्यामुळे नव्या लेबलावर आरएफ२ दिसलं तर वरच्या दोन्ही फटी बुजल्या आहेत असं धरता येतं. जुन्या लेबलावर नुसतं ३ दिसलं, तर आधी प्लेट कशाची आहे ते विचारायचं आणि मग या दोन गोळ्यांची वेगळी चाचणी झाली आहे का ते.

'थ्री प्लस' अशी लेबलं दिसतात ती या फटीतूनच जन्मली. एनआयजेच्या मानकात 'प्लस' नावाची लेव्हल नाही. उत्पादक स्वतःच्या चाचणीच्या जोरावर ते चिन्ह लावतो. ते खोटंच असतं असं नाही, कित्येकदा त्यामागे चांगली चाचणी असते. पण एकाचा प्लस एम८५५ साठी असतो आणि दुसऱ्याचा एम१९३ साठी. प्लस दिसला की गोळीचं नाव आणि वेग लेखी मागायचा. ते मिळालं नाही तर त्या चिन्हाची किंमत शून्य धरायची.

मग सरळ लेव्हल ४ घ्यावी का? ती चिलखतभेदी गोळीसाठी असल्यामुळे तिच्या पुढच्या बाजूला सिरॅमिक असतं, ॲल्युमिना किंवा त्याहून हलकं बोरॉन कार्बाइड. ते गोळीचा पोलादी गाभा फोडतं आणि मागचा धाग्यांचा थर तुकडे झेलतो. त्यात सिरॅमिकही तडकतं. जुन्या मानकात लेव्हल ३ च्या प्लेटला सहा गोळ्या झेलाव्या लागतात, लेव्हल ४ ला एक झेलली तरी चालते. अनेक ४ च्या प्लेट्स जास्त गोळ्या झेलतात, पण लेबल हमी देतं ती एकीचीच. धोका कोणता आहे यावर निवड ठरते.

चौथी पायरी: गोळी अडली, पण मागे काय झालं?

गोळी आरपार गेली नाही एवढ्याने चाचणी संपत नाही. जाकीट किंवा प्लेट चिकणमातीच्या मोठ्या ठोकळ्यावर पट्ट्यांनी बांधतात. ही माती शिल्पकारांची तेलकट माती असते आणि ती आधी गरम करून ठरावीक मऊपणाला आणतात. मऊपणा बरोबर आहे का हे बघायला साधारण एक किलोचा पोलादी गोळा २ मीटरवरून तिच्यावर टाकतात आणि तो सुमारे १९ मिलिमीटर रुततो का ते मोजतात. मग पिस्तुलाची गोळी ५ मीटरवरून आणि रायफलची १५ मीटरवरून झाडतात.

नंतर कवच उचलून बघितलं की मातीत वाटीसारखा खड्डा दिसतो. तिथे गोळी पोचलेली नाही. कवच मागे फुगलं त्याचा तो ठसा आहे. त्याची खोली ४४ मिलिमीटरपर्यंत चालते. मी पहिल्यांदा असा खड्डा पाहिला तेव्हा त्यात अंगठा घालून बघितला. जवळजवळ पेरभर आत गेला आणि तरी ते जाकीट 'पास' होतं. छातीत क्षणभर एवढं आत दबणं म्हणजे काय, हे तेव्हा कळलं. बरगडी मोडू शकते, मोठं काळंनिळं होऊ शकतं. जीव वाचणं ही चाचणीची अट आहे, इजा न होणं ही नाही. म्हणून गोळी अडली तरी माणसाला डॉक्टरकडे न्यायचंच, त्याला काही दुखत नाही असं तो म्हणाला तरी.

पोलादी प्लेटच्या बाबतीत समोरच्या बाजूचंही बघावं लागतं. गोळी पोलादावर फुटली की तिचे तुकडे प्लेटच्या पृष्ठभागाला समांतर चहूकडे उडतात, म्हणजे हनुवटी, गळा आणि दंडाकडे. मातीतला खड्डा याबद्दल काही सांगत नाही. पोलादी प्लेटवर हे तुकडे धरून ठेवणारा जाड लेप आहे का, आणि तो अजून शाबूत आहे का, हे वेगळं तपासावं लागतं.

पाचवी पायरी: प्लेट एकटी चालते की जोडीने?

प्लेटच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत एक ओळ असते आणि ती चुकवली तर बाकीचं सगळं वाचन वाया जातं. काही प्लेट्सना त्यांची लेव्हल एकट्याने मिळालेली असते. त्यांना स्टँड-अलोन म्हणतात. काहींना ती आत ठरावीक मऊ जाकीट घालून मिळालेली असते, त्यांच्यावर 'इन कन्जंक्शन विथ' असं लिहून पुढे त्या जाकिटाची लेव्हल किंवा मॉडेल दिलेलं असतं. ३-ए जाकिटासोबत ४ मिळवलेली प्लेट नुसत्या शर्टावर घातली तर ती ४ राहत नाही. किती उरते हे कोणी मोजलेलंच नसतं. अशा प्लेट्स पातळ आणि हलक्या असतात, म्हणून हातात घेतल्यावर जास्त आवडतात, आणि त्यामुळेच चुकीच्या जोडीने घातल्या जातात.

तिथेच 'स्ट्राइक फेस' असंही छापलेलं असतं. ती बाजू बाहेर. सिरॅमिक प्लेट उलटी घातली तर गोळी आधी धाग्यांना भेटते आणि सिरॅमिकला गाभा फोडायची संधी योग्य वेळी मिळत नाही.

सहावी पायरी: सुरा वेगळा

लेव्हल २ चं मऊ जाकीट ९ मिमीची जी गोळी अडवतं तिची ऊर्जा साधारण ६३५ ज्यूल आहे. एनआयजेच्या २००० सालच्या सुराविरोधी मानकात सर्वात खालच्या लेव्हलची चाचणी २४ ज्यूलची आहे. ६३५ पेलणाऱ्याला २४ ची काय भीती, असं वाटतं. पण गोळी बोथट असते आणि धाग्यांना ताणते. टोचा किंवा सुऱ्याचं टोक दोन धाग्यांच्या मधून वाट काढतं आणि धार त्यांना कापते. म्हणून सुराविरोधी जाकिटात विणकाम फार घट्ट असतं, किंवा राळेने बांधलेले थर नाहीतर धातूची बारीक कड्यांची जाळी असते.

त्या मानकात तीन लेव्हल आहेत, २४, ३३ आणि ४३ ज्यूलच्या. एवढ्या ऊर्जेने पातं आत ७ मिलिमीटरपेक्षा जास्त दिसता कामा नये. नंतर दीडपट ऊर्जेने पुन्हा वार करतात, तेव्हा मर्यादा २० मिलिमीटरची. सुरा आणि टोचा यांचे वर्गही वेगळे आहेत. सुऱ्यासाठी पास झालेलं जाकीट टोच्यासाठी पास झालेलं असेलच असं नाही. दोन्ही धोके असतील तर लेबलावर गोळीची आणि वाराची अशा दोन वेगळ्या ओळी दिसल्या पाहिजेत. एकच ओळ असेल तर एकच संरक्षण आहे.

सातवी पायरी: दावा आणि तारीख

'एनआयजेनुसार चाचणी केलेलं' आणि 'एनआयजे प्रमाणित' हे दोन वेगळे दावे आहेत. पहिल्यात कोणीतरी, कुठेतरी, एखाद्या नमुन्यावर गोळी झाडलेली असते. दुसऱ्यात मान्यताप्राप्त प्रयोगशाळेने पूर्ण चाचणी केलेली असते, मॉडेल एनआयजेच्या जाहीर यादीत असतं आणि उत्पादनातले नमुने नंतरही तपासले जातात. यादीत मॉडेल शोधताना लेबलावरचं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. कंपनीचं एक मॉडेल यादीत असतं आणि तिचंच दुसरं, मिळतंजुळतं नाव असलेलं, नसतं.

तारखेला एवढं महत्त्व का, याचं उत्तर झायलॉनमध्ये आहे. हा धागा अतिशय मजबूत होता आणि त्याची जाकिटं नवी असताना चाचण्या उत्तम पार करत होती. पण उष्णता आणि ओलाव्याने तो आतून खचायचा, बाहेरून काहीच दिसायचं नाही. २००३ साली अमेरिकेत एका पोलिसाच्या झायलॉनच्या जाकिटातून ते अडवायला हवी होती ती गोळी आरपार गेली. २००५ मध्ये एनआयजेने झायलॉनच्या जाकिटांना दिलेली मान्यता काढून घेतली. म्हणून २००८ च्या आवृत्तीत मऊ जाकिटाला आधी दहा दिवस ६५ अंश सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रतेत फिरत्या पिंपात घोळवतात, आणि मग गोळी झाडतात.

तेवढं करूनही वॉरंटी सहसा पाच वर्षांचीच असते. लेबलावरची लेव्हल त्या मुदतीपुरती आणि नीट वापरलेल्या कवचापुरती वाचायची. मऊ जाकिटाचा पॅनेल कव्हरमधून काढून बघा. त्याच्या आवरणाला चीर असेल, पाणी शिरल्याच्या खुणा असतील किंवा कायमची घडी पडली असेल तर ते बाजूला ठेवा. सिरॅमिक प्लेट कानाजवळ धरून हलकेच हलवा, नंतर दोन्ही हातांनी कडा धरून थोडी पिळा. आत कुरकुर किंवा खरखर ऐकू आली, तर ती कधीतरी जमिनीवर आपटलेली आहे. काहीच ऐकू आलं नाही तरी ती शाबूत असल्याची खात्री होत नाही, बारीक तडा एक्स-रेमध्येच दिसतो. प्लेट हातातून पडली असेल तर तो एक्स-रे होईपर्यंत ती वापरात घेऊ नका.